सगळीच पत्रं चुकीच्या पाकिटात: मोजणी कशी करायची

चार पत्रं आहेत आणि त्यांच्या पत्त्यांची चार पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक पत्र घालायचं, पण एकही पत्र आपल्या स्वतःच्या पाकिटात जाता कामा नये. असं किती प्रकारे करता येईल? उत्तर ९ आहे. अशा मांडणीला डिरेंजमेंट म्हणतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेताना अनेक ठिकाणी १ पत्रापासून ६ पत्रांपर्यंतची उत्तरं, म्हणजे ०, १, २, ९, ४४, २६५, सरळ पाठ करून घेतात. माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. प्रश्नात एक शब्द बदलला की ही यादी निरुपयोगी होते, आणि परीक्षेत तो शब्द हमखास बदललेला असतो. समावेश-वर्जन तत्त्वाने, म्हणजे आलटून पालटून वजा आणि अधिक करत, मोजायला शिका, यादी आपोआप हाती येईल.

फॅक्टोरियल आणि ‘इतक्यांतून इतके किती प्रकारे निवडता येतील’ एवढं येतं असं धरून पुढे जातो.

आधी एक वाट बंद करू. पहिल्या पत्राला ३ पाकिटं चालतात, मग दुसऱ्याला किती, असा गुणाकार बहुतेक जण सुरू करतात. पहिलं पत्र पाकीट २ मध्ये गेलं असेल तर दुसऱ्या पत्राला उरलेली तिन्ही पाकिटं मोकळी असतात. ते पाकीट ३ मध्ये गेलं असेल तर दुसऱ्याला दोनच उरतात, कारण स्वतःचं पाकीट चालत नाही आणि तिसरं भरलेलं आहे. म्हणजे दुसरा आकडा पहिल्या निवडीवर अवलंबून राहिला, आणि तसं झालं की सरळ गुणाकार चालत नाही. फांद्या पाडत चार पत्रांचं उत्तर काढता येईल, सातचं काढताना वही संपेल.

म्हणून उलट बाजूने जायचं. एकूण मांडण्या मोजायच्या आणि त्यातून जिथे एखादं तरी पत्र बरोबर पडलंय त्या काढून टाकायच्या. एकूण मांडण्या ४! = २४.

आता एक पत्र निवडा आणि ते त्याच्या पाकिटात पक्कं बसवा. उरलेली तीन कशीही जाऊ देत, ३! = ६ प्रकार. पत्र निवडायचे प्रकार ४, म्हणून ४ × ६ = २४. दोन पत्रं पक्की बसवली तर निवडीचे प्रकार ६ आणि उरलेल्या दोघांचे २, म्हणजे १२. तीन पक्की बसवली तर ४ × १ = ४. चारही पक्की, १. या बेरजांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी बेरीज म्हणू.

घोळ होतो तो इथेच. मीही याच जागी बरेच दिवस अडकलो होतो, आणि शिकवतानाही विद्यार्थी नेमके इथेच थांबतात. एकूण मांडण्या २४, पहिली बेरीजही २४. वजा केलं की शून्य! मग माणूस घाबरतो, आपलं काहीतरी चुकलं असं समजून खाडाखोड करायला लागतो. काहीही चुकलेलं नाही. पत्रं कितीही असोत, पहिली बेरीज एकूण मांडण्यांइतकीच येते, कारण n × (n − १)! म्हणजेच n!. अट सगळ्याच पत्रांवर असली की दर वेळी पहिल्या वजाबाकीनंतर शून्यच उरणार, हे आधीच माहीत असू द्या.

मग त्या २४ मध्ये नेमकं काय मोजलं गेलं? ‘नेमकं एकच पत्र बरोबर’ अशा मांडण्या नक्कीच नाहीत, आणि बहुतेक चुका हे तसं समजल्यामुळेच होतात. एक पत्र पक्कं बसवल्यावर बाकीची तीन आपण मोकळी सोडली होती, त्यामुळे त्यांच्यातलंही एखादं योगायोगाने बरोबर पडू शकतं. अशी मांडणी मग एकाहून जास्त वेळा मोजली जाते.

एक मांडणी हातात घेऊन बघा. पाकीट १ ते ४ या क्रमाने आत कोणतं पत्र आहे ते लिहू: १३२४. यात पत्र १ आणि पत्र ४ बरोबर आहेत. आपण पत्र १ पक्कं बसवलं तेव्हा ही मांडणी मोजली, आणि पत्र ४ पक्कं बसवलं तेव्हा पुन्हा मोजली. म्हणजे पहिल्या बेरजेत ती दोनदा आहे. दुसऱ्या बेरजेत १ आणि ४ ही जोडी बसवताना ती एकदाच येते. तिसऱ्या-चौथीत ती येतच नाही. आता हिशेब लावा: एकूणमध्ये ती एकदा होती, दोनदा वजा झाली, एकदा परत मिळवली. १ − २ + १ = ०. आपल्याला ती नको होती, आणि ती बरोबर नाहीशी झाली.

१२३४ ही सगळी बरोबर असलेली मांडणी घ्या. ती पहिल्या बेरजेत ४ वेळा, दुसऱ्यात ६ वेळा, तिसऱ्यात ४ वेळा, चौथीत एकदा. १ − ४ + ६ − ४ + १ = ०. तीही गेली. १३४२ मध्ये फक्त पत्र १ बरोबर आहे, तिचा हिशेब १ − १ = ०. आणि २१४३, जिच्यात काहीच बरोबर नाही, ती फक्त एकूणमध्ये एकदा आहे आणि कुठल्याही बेरजेत सापडत नाही, म्हणून ती १ म्हणूनच टिकते. वजा, अधिक, वजा, अधिक हा क्रम आहे तो एवढ्याचसाठी: नको असलेली प्रत्येक मांडणी, तिच्यात किती पत्रं बरोबर आहेत याची पर्वा न करता, बरोबर शून्यावर यावी. ‘दोनदा वजा झालं म्हणून एकदा मिळवा’ एवढंच सांगून थांबणारं स्पष्टीकरण दोन बरोबर पत्रांपर्यंतच पुरतं. तीन किंवा चार पत्रं बरोबर असली तर काय, हे स्वतः एकदा लिहून बघितल्याशिवाय चिन्हं डोक्यात बसत नाहीत.

आता सगळं एकत्र करा: २४ − २४ + १२ − ४ + १ = ९.

पडताळा घ्यायचा असेल तर नऊही लिहून काढता येतात: २१४३, २३४१, २४१३, ३१४२, ३४१२, ३४२१, ४१२३, ४३१२, ४३२१. हे एकदाच करा.

पाच पत्रांना तीच कृती: १२० − १२० + ६० − २० + ५ − १ = ४४. सर्वसाधारण सूत्र हवं असेल तर ते असं:

n! × (१ − १/१! + १/२! − १/३! + … ± १/n!)

कंसातली बेरीज पदांगणिक १/e कडे, म्हणजे सुमारे ०.३६७९ कडे जाते. म्हणून n! ला e ने, म्हणजे सुमारे २.७१८२८ ने, भागून जवळचा पूर्णांक घेतला की नऊ पत्रांपर्यंत उत्तर मिळतं, त्यापुढे e चे आणखी दशांश घ्यावे लागतात: १२० ला भागल्यावर ४४.१ च्या आसपास येतं, म्हणजे ४४. उत्तर तपासायला हे उत्तम आहे. एक गोष्ट मात्र अनेकांना पटत नाही: पत्रं दहा असोत की हजार, डोळे मिटून घातली तर सगळीच चुकायची शक्यता जवळपास तेवढीच, साधारण ३७ टक्के. पिएर रेमाँ द माँमॉर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ मध्ये हा प्रश्न ‘तेरा’ नावाच्या पत्त्यांच्या खेळातून मांडला होता. १ ते १३ मोजत एकेक पान उलटायचं, आणि बोललेला आकडा व निघालेलं पान जुळलं की जिंकलं. समावेश-वर्जनाने केलेली निकोलस बर्नुलीची सोडवणूक माँमॉरच्या पुस्तकाच्या १७१३ च्या आवृत्तीत आली.

आता ‘नेमकी’ या शब्दाचा प्रश्न. ५ पैकी नेमकी २ पत्रं बरोबर, बाकी तिन्ही चूक, किती प्रकारे? बरोबर असणारी दोन निवडायचे १० प्रकार, उरलेल्या तिघांच्या डिरेंजमेंट २, म्हणून २०. इथे उरलेल्या तिघांचे ३! = ६ घेतलेत तर ६० येईल. ती वरची दुसरी बेरीज झाली, उत्तर नव्हे. तपासायची सोपी युक्ती म्हणजे सगळे प्रकार मांडून बेरीज करायची: शून्य बरोबर ४४, एक बरोबर ४५, दोन २०, तीन १०, चार ०, पाच १. एकूण १२० आलीच पाहिजे. चारच्या जागी शून्य का, हे लगेच कळतं: चार पत्रं आपापल्या पाकिटात गेली की पाचव्याला दुसरीकडे जायला जागाच नाही.

पाठ केलेली यादी पूर्ण फसते ते खरं तर पुढच्या प्रकारात. पाच पत्रं आहेत, पण अट पहिल्या तिघांवरच आहे: ती आपल्या पाकिटात जाऊ नयेत. चौथं-पाचवं कुठेही गेलं तरी चालेल. यादीत याचं उत्तर नाही, पण कृती तशीच आहे. पक्कं बसवायचं पत्र आता फक्त तिघांतून निवडायचं, मोकळी राहणारी मात्र पाचातून उरलेली सगळी. एक बसवलं तर ३ × ४! = ७२, दोन बसवली तर ३ × ३! = १८, तिन्ही बसवली तर १ × २! = २. १२० − ७२ + १८ − २ = ६४. ‘निवड तिघांतून, फॅक्टोरियल पाचातून उरलेल्यांचं’ हे वाक्य कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहूनच गणित सुरू करा. घाईत दोन्ही आकडे पाचाचे किंवा दोन्ही तिनाचे पडतात.

शेवटी एक मर्यादा. सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक पत्राला निषिद्ध असं एकच पाकीट आहे, आणि दोन पत्रांचं निषिद्ध पाकीट एक नाही. चारपैकी दोन पत्रं एकाच घरी, एकाच पत्त्यावर जायची असतील तर? त्या दोन्ही पत्रांना त्या पत्त्याची दोन्ही पाकिटं निषिद्ध झाली. मग ती दोघं उरलेल्या दोन पाकिटांतच जाऊ शकतात, २ प्रकारे, आणि बाकीची दोन पत्रं त्या घराच्या पाकिटांत, पुन्हा २ प्रकारे. पाकिटं वेगवेगळी धरून उत्तर ४ येतं, ९ नाही. म्हणून कुठलंही सूत्र हातात घेण्याआधी पाकिटांवरचे पत्ते वाचा, आणि एकही पत्ता दोनदा आलेला दिसला तर सूत्र बाजूला ठेवून कोणत्या पत्राला कोणतं पाकीट चालत नाही याचा तक्ता आधी काढा.