रात्री बाळाला पाजताना डुलकी लागत असेल तर सोफ्यावर बसू नका

बाळाला पलंगावर जवळ घेऊन पाजताना आपण झोपून जाऊ, या भीतीने अनेक आया रात्री उठून सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत जाऊन बसतात. हेतू चांगला, जागा मात्र नेमकी चुकीची. सोफ्यावर किंवा मऊ खुर्चीत मोठ्या माणसाबरोबर झोपलेल्या बाळाच्या मृत्यूचा धोका 67 पटींपर्यंत वाढतो, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे.

डुलकी लागली की हाताची पकड सैल होते. बाळ हळूहळू घसरतं आणि आईचं अंग व सोफ्याची पाठ यांच्यामध्ये, किंवा दोन गाद्यांच्या फटीत, अडकतं. नाक मऊ कापडात रुततं. कधी हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. मान सावरण्याची ताकद नसल्याने बाळ स्वतःला सोडवू शकत नाही, आणि रडण्याचा आवाजही येत नाही. पाजण्याची उशी इथे उपयोगाची नाही. बाळ तिच्यावरूनही घसरतं.

म्हणून तयारी झोपण्यापूर्वीच करा. रात्री दोन वाजता उशा हलवायला कोणी उठत नाही.

1. बाळाची सपाट, घट्ट गादीची वेगळी जागा तुमच्या पलंगालगत ठेवा.
2. तुमच्या पलंगावर बाळ जिथे येईल तिथून उशा, लोड, रजई आणि खेळणी काढा. तुमची उशी फक्त डोक्याखाली, पांघरूण कमरेपर्यंत. थंडी वाटत असेल तर अंगात जाड कपडे घाला.
3. पलंग आणि भिंत यांच्यात फट ठेवू नका. मऊ, खोल दबणारी गादी असेल तर ही व्यवस्था चालणार नाही.
4. कुशीवर आडवं होऊन पाजा. खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वर, गुडघे त्याच्या पायांखाली वाकवलेले. मोठं भावंड त्याच पलंगावर नको.
5. पाजून झालं की बाळाला त्याच्या जागी पाठीवर निजवा. मध्येच झोप लागली, तर जाग येताच तसंच करा. घड्याळ बघत बसू नका.

तयार केलेला पलंगही निर्धोक नसतो, सोफ्यापेक्षा कमी धोक्याचा असतो एवढंच. घरात पलंगावर झोपणारं कोणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा गुंगी आणणारं औषध (सर्दीची कितीतरी औषधं त्यात येतात) घेतलं असेल, बाळ 37 आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर पलंगावर डुलकीही नको. अशा रात्री दुसरं माणूस जागं राहून जवळ बसलं पाहिजे, किंवा काढून ठेवलेलं दूध त्यानेच पाजावं.

सोफ्यावरच बसावं लागलं आणि डोळे मिटू लागले, वाक्य अर्धवट सुटू लागलं, की पाजणं तिथेच थांबवा. बाळ थोडं रडेल, पण त्याला आधी त्याच्या जागी ठेवा आणि मगच तोंडावर पाणी मारायला जा.