घरातला व्हिडिओ कॉल न अडखळवता मोठ्या फायली दूरच्या सर्व्हरवर कशा पाठवाव्यात

आमच्या घरी संध्याकाळी साडेसहा वाजता बाबांची गाण्याची ऑनलाइन शिकवणी असते. विद्यार्थी दुबईत आणि अमेरिकेत. त्याच वेळेला मी लग्नाचे फोटो पुण्याच्या स्टुडिओतल्या सर्व्हरवर चढवायला लावत असे. एका लग्नाच्या मूळ फायली सहज ३६ जीबी भरतात. पाच मिनिटांत बाबांची हाक यायची, "अरे, पोरांचा आवाज तुटतोय. ताल धरायचा कसा?" मी अपलोड थांबवला की दोन सेकंदांत सगळं सुरळीत व्हायचं. म्हणजे दोष कॉलच्या ॲपचा नव्हता. अपलोड थांबवणं हा मात्र उपाय नाही, कारण फोटोही वेळेत पोचायला हवेत. अपलोडला वेगाची मर्यादा घातली की दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. तेच इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी कारण समजून घ्या

घरच्या जोडणीत डाउनलोड मोठा आणि अपलोड लहान, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आमच्याकडे ५० आणि १० एमबीपीएस आहे. फाइल पाठवणारा प्रोग्राम वाट मिळेल तितका डेटा ढकलत राहतो. बाहेर जाणारी वाट भरली की जास्तीचा डेटा मोडेमच्या किंवा राउटरच्या मेमरीत रांग लावून थांबतो. ही रांग फक्त १ मेगाबाइटची झाली तरी १० एमबीपीएसच्या वाटेने ती रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतात. बाबांच्या आवाजाचं इवलंसं पाकीट याच रांगेच्या शेपटाला उभं राहतं, आणि बोलणं पाऊण सेकंद उशिरा पोचतं. संभाषण सहज वाटायला एका बाजूचा उशीर साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. या फुगलेल्या रांगेला तंत्रज्ञ बफरब्लोट म्हणतात.

अशा वेळी घरात कोणी ऑनलाइन चित्रपट पाहत असेल तर तोही अडकतो. चित्रपट तर डाउनलोड होतो, मग असं का? कारण डाउनलोडलाही वर जाणारी वाट लागते. प्रत्येक तुकड्याची मागणी आणि 'मिळाला' अशी पोच वरच जाते. पोच रांगेत अडकली की समोरचा सर्व्हर पुढचं पाठवायला थांबतो.

म्हणून मर्यादा घालण्याचा हेतू एवढाच, की आपला अपलोड वाटेच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली राहावा आणि मोडेममध्ये रांग लागूच नये. संगणकावर `nice` लावून प्रोग्रामची प्राथमिकता कमी करणारे काही जण मला भेटले आहेत. त्याने प्रोसेसरचा वाटा कमी होतो, नेटवर्कवर काही फरक पडत नाही.

पहिला टप्पा: मोजा

घरात कोणी काही वापरत नसताना, शक्यतो राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर, कुठल्याही स्पीड टेस्टने अपलोडचा आकडा घ्या. प्लॅनवर छापलेला आकडा धरू नका. तीन वेगवेगळ्या वेळी मोजा आणि सर्वांत कमी आलेला धरा. आमचा ९.५ एमबीपीएस आला.

आता एका खिडकीत हे चालू करा (विंडोजवर `ping -t 1.1.1.1` लिहा):

```
ping 1.1.1.1
```

छोटं पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागलेले मिलिसेकंद प्रत्येक ओळीत दिसतात. हाच पिंग. घर शांत असताना आमच्याकडे १८ ते २२ येतात. मग मर्यादा न घालता अपलोड सुरू करा आणि अर्धा मिनिट पाहा. आमचा आकडा ६०० ते ८०० वर गेला. तुमचाही असाच उडी मारत असेल, तर पुढचे टप्पे कामाचे आहेत. पूर्ण अपलोड चालू असतानाही पिंग हललाच नाही आणि कॉल तरी तुटतोय, तर अडचण दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा ती वाय-फायच्या कमकुवत सिग्नलची असते, आणि मर्यादा घालून ती सुटणार नाही.

दुसरा टप्पा: आकडा काढा

मी आधी घराच्या वाट्याचं बाजूला काढतो. चांगल्या चित्राच्या एका कॉलला वर जायला सुमारे २ एमबीपीएस धरतो. संध्याकाळी दोन कॉल असू शकतात, म्हणून ४. ९.५ मधून ४ गेले, उरले ५.५. त्यातला अर्धा एमबीपीएस आणखी सोडतो, कारण प्रोग्राम सरासरी वेग सांभाळतात आणि मधूनच छोटे झटके देतात. हाती आले ५ एमबीपीएस.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल पाठवणारे प्रोग्राम बहुधा बाइटमध्ये मोजतात. मी टर्मिनलवरून `rsync` हा प्रोग्राम वापरतो. त्याचा आकडा दर सेकंदाला १०२४ बाइटचे किती किलोबाइट, असा असतो. सोपा हिशोब असा, की १ एमबीपीएस म्हणजे साधारण १२२. पाचाचे ६१० झाले, मी ६०० धरले.

तिसरा टप्पा: मर्यादा घाला

```
rsync -a --partial --progress --bwlimit=600 lagna/ studio@server:/photos/lagna/
```

`server` च्या जागी तुमच्या सर्व्हरचं नाव किंवा पत्ता लिहा. `--partial` मुळे मध्येच तोडलं तर अर्धी गेलेली फाइल फेकली जात नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण `rsync` चालू असताना त्याची मर्यादा बदलता येत नाही. आकडा बदलायचा तर Ctrl-C दाबून थांबवायचं आणि नव्या आकड्याने तीच आज्ञा पुन्हा द्यायची. पूर्ण गेलेल्या फायली तो स्वतःच वगळतो. नव्या आवृत्त्यांत `1m` असंही लिहिता येतं, पण जुन्या आवृत्त्यांना ते कळत नाही. नुसती संख्या सगळीकडे चालते.

`scp` वापरत असाल तर एकक बदलतं. तिथे आकडा किलोबिटचा असतो, म्हणून ६०० ला ८ ने गुणायचं:

```
scp -l 4800 film.mov studio@server:/photos/
```

चुकून `-l 600` लिहिलंत तर वेग आठपट कमी होईल आणि काम दिवसभर संपणार नाही. उलट `rsync` ला 4800 दिलेत तर मर्यादा तुमच्या वाटेच्या कितीतरी वर जाईल, म्हणजे ती नसल्यासारखीच. आज्ञा मान्य झाली पण कॉल तरी तुटतोय, अशी तक्रार आली की मी सगळ्यांत आधी हा आकडा बघतो.

टर्मिनल नको असेल तर फाइलझिला वापरा. त्यातल्या Transfer मेनूत Speed limits आहे. आधी आकडे भरा आणि मग Enable करा. नुसते आकडे भरून मर्यादा लागू होत नाही.

फायली घरच्या संगणकावर असतील आणि दुसरीकडे बसलेलं कोणी त्या ओढून घेत असेल, तर त्यांचा तो डाउनलोड असला तरी आपल्या घराचा अपलोडच खर्च होतो. मग त्यांच्या `rsync` आज्ञेत `--bwlimit` घालायला सांगा. ओढून घेतानाही ती लागू पडते.

चौथा टप्पा: पुन्हा पिंग बघा

मर्यादा घालून अपलोड चालू ठेवा आणि पिंगच्या खिडकीकडे पाहा. आमच्याकडे तो २० ते ३५ मध्ये राहिला. पिंग अधूनमधून १०० च्या वर जात असेल तर आकडा पन्नासाने खाली आणा आणि पुन्हा बघा. पुष्कळ खाली आणूनही पिंग चढलेलाच असेल, तर घरात दुसरंही कोणीतरी अपलोड करतंय. आमच्याकडे तो आईचा फोन निघाला. वाय-फाय मिळालं की तो फोटोंचा बॅकअप सुरू करायचा. दोन `rsync` एकदम चालू असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र ६०० मिळतात, हेही ध्यानात असू द्या.

रात्रीचा वेग वेगळा हवा असेल तर

६०० च्या वेगाने ३६ जीबी जायला सव्वासोळा तास लागतात. मर्यादेशिवाय साडेआठ तासांत झालं असतं. रात्री सगळे झोपल्यावरही हळूच पाठवत बसणं मला पटेना, म्हणून आता मोठ्या कामाला मी `rclone` वापरतो. त्याला वेळापत्रकच देता येतं. आधी `rclone config` चालवून सर्व्हर एकदा जोडून घ्यावा लागतो. मी त्याला `studio` असं नाव दिलं आहे.

```
rclone copy lagna studio:photos/lagna --bwlimit "07:00,600K 23:00,1000K" --progress
```

सकाळी सातपासून ६०० आणि रात्री अकरापासून १०००, असा याचा अर्थ. वेळ तुमच्या संगणकाच्या घड्याळाची. `rclone` एरवी चार फायली एकदम पाठवतो, पण ही मर्यादा चौघांत मिळून असते, त्यामुळे हिशोब बिघडत नाही. रात्रीही मी पूर्ण वेग देत नाही. १००० म्हणजे सुमारे ८.२ एमबीपीएस. पहाटे कोणी उठून काही पाहायला लागलं तर त्यालाही वाट मोकळी मिळावी. संध्याकाळी सहाला सुरू केलं तर अकरापर्यंत ११ जीबी जातात. उरलेले २५ जीबी रात्रीच्या वेगाने पावणेसहाच्या सुमारास संपतात. सकाळच्या कुठल्याही कॉलच्या आधी काम हातावेगळं होतं. संगणक मात्र मध्येच झोपी जाणार नाही असं सेटिंग करून ठेवा.

घरात अपलोड करणारे अनेक असतील तर

प्रत्येक फोन आणि संगणकामागे धावण्यापेक्षा मग राउटरवरच उपाय करावा. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली आहे. ती चालणाऱ्या राउटरवर `luci-app-sqm` हे पॅकेज टाकलं की Network मेनूत SQM QoS दिसतं. त्यात मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरायचा. एकक किलोबिट आहे, आमच्यासाठी ८३०० च्या आसपास. रांगेची पद्धत `cake` निवडायची. मग राउटरच रांग छोटी ठेवतो आणि कॉलच्या लहान पाकिटांना मोठ्या अपलोडमागे ताटकळत ठेवत नाही. अपलोडही मोकळा असेल तेवढा सगळा वेग घेऊ शकतो, म्हणून वेळापत्रकाची गरज उरत नाही. केबलवाल्याकडून मिळालेल्या साध्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. आमच्याकडेही नव्हती. म्हणून आमचं घर आजही `--bwlimit` वर चाललं आहे, आणि साडेसहाच्या शिकवणीच्या वेळी अपलोड मागे चालूच असतो.