फ्युरोसेमाईड सुरू असलेलं बाळ घरी नेण्याआधी

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असलं, तरी जन्मानंतरचे पहिले काही आठवडे बाळ बरं दिसतं. मग फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब उतरतो, जास्तीचं रक्त तिकडे वळतं आणि बाळ दूध पिताना धापा टाकायला लागतं. शस्त्रक्रियेपर्यंतचा हा काळ बहुतेक बाळं लघवी वाढवणाऱ्या औषधावर, म्हणजे फ्युरोसेमाईडवर काढतात. अशा बाळाला घरी नेण्याआधी काय काय हाताशी हवं, ते इथे सांगते. मात्रा ठरवणं आणि बदलणं हे हृदयरोगतज्ज्ञांचंच काम आहे. पण ती रोज मोजून बाळाच्या तोंडात जाते ती तुमच्या हातून, म्हणून तिच्यामागचा हिशेब तुम्हालाही यायला हवा.

सुरुवात वजनापासून करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. निघायच्या दिवशी बाळाचं उघडं वजन करून घ्या आणि ते ग्रॅममध्ये लिहून घ्या. तोंडाने द्यायचं फ्युरोसेमाईड साधारणपणे एका वेळी किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा ते तीनदा असं लिहिलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून तिथे दोन मात्रांमधलं अंतर जास्त असतं. वॉर्डमध्ये शिरेतून औषध चालू असेल, तर तोंडाने सुरू करताना आकडा वाढलेला दिसेल. त्याने घाबरू नका. तोंडाने दिलेल्यातलं साधारण निम्मंच रक्तात पोचतं, म्हणून तो वाढवलेला असतो. मात्र हा बदल निघायच्या सकाळी झालेला नसावा. तोंडाच्या औषधावर बाळ एक-दोन दिवस वॉर्डमध्येच स्थिर राहिलेलं पाहून मग निघावं, असं माझं ठाम मत आहे.

आता सगळ्यांत जास्त चुका होतात ती जागा. समजा बाळ दोन महिन्यांचं आहे, वजन ४ किलो, आणि मात्रा किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे एका वेळी ४ मिलिग्रॅम. बाटलीवर '१ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम' लिहिलं असेल, तर ४ मिलिग्रॅम म्हणजे ०.४ मिलिलिटर. कार्डावर नुसतं '४' लिहिलं आणि घरी कुणी ते ४ मिलिलिटर समजून दिलं, तर बाळाला ४० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे दसपट. उलट बाजूने पाहा. दुसऱ्या ताकदीचं औषध मिळालं, ५ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असलेलं, तर तेच ४ मिलिग्रॅम म्हणजे पूर्ण १ मिलिलिटर. महिनाभर १ मिलिलिटरची सवय झाली आणि पुढची बाटली पहिल्या ताकदीची आली, तर कुणाच्या लक्षातही न येता मात्रा अडीचपट होते. म्हणून कार्डावर तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहून घ्या: किती मिलिग्रॅम, कोणत्या ताकदीच्या बाटलीतून, आणि तिचे किती मिलिलिटर. नवी बाटली आली की आधी ताकद वाचा, मगच झाकण उघडा. मोजायला १ मिलिलिटरची तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या, चमच्याने ०.४ मिलिलिटर मोजता येत नाही. निघण्याआधी नर्ससमोर एकदा स्वतः औषध भरून दाखवा, आणि घरात जो जो औषध देणार आहे त्यालाही भरायला लावा.

बाळ उलटी करतं, तेव्हा काय करायचं हेही लिहून घ्या. औषध दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायचं, नंतर झाली तर नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तुमच्या डॉक्टरांचा कोणता, ते विचारा. राहून गेलेली मात्रा पुढच्या मात्रेत मिसळून दुप्पट कधीच देऊ नका.

पोटॅशिअमकडे मात्र नीट बसून लक्ष द्यायला हवं. फ्युरोसेमाईड लघवीवाटे मीठ आणि पाणी काढतं, त्याबरोबर पोटॅशिअम आणि क्लोराईडही जातं. पोटॅशिअम फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि बाळ डिगॉक्सिनवरही असेल तर त्या औषधाची विषबाधा लवकर होते. मोठा माणूस पायात गोळे आले म्हणून सांगेल. बाळ फक्त मलूल पडतं, ओढून पीत नाही, पोट फुगतं. आणि हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून रक्ततपासणीची तारीख हातात घेऊनच निघा. औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर साधारण आठवड्याच्या आत तपासणी व्हावी, आणि तिच्यात क्लोराईड, बायकार्बोनेट व क्रिएटिनिनही असावं.

वरच्याच बाळाची मात्रा दिवसातून तीनदा केली, असं धरा. आधी पोटॅशिअम ४.१ होतं, आठवड्याने ३.१ आलं; क्लोराईड ९०, बायकार्बोनेट ३२. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात: औषधाने बाळाचं पोटॅशिअम आणि क्लोराईड दोन्ही ओढून नेलंय. अशा वेळी डॉक्टर फ्युरोसेमाईडची मात्रा पुन्हा तपासतात, पोटॅशिअम क्लोराईड तोंडाने देतात, किंवा पोटॅशिअम राखणारं स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आकडा चढेल अशी अपेक्षा नको. ही औषधं स्वतःहून मात्र सुरू करू नका. बाळ कॅप्टोप्रिल किंवा एनालाप्रिलवर असेल, तर ती औषधंही पोटॅशिअम वाढवतात, आणि सगळं मिळून आकडा धोकादायक उंचीवर जाऊ शकतो.

आकडा वाचताना रक्त कसं घेतलं, हे जरूर विचारा. टाच दाबून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात, पेशींच्या आतलं पोटॅशिअम बाहेर येतं आणि अहवाल खोटा वाढलेला येतो. अहवालावर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल आणि पोटॅशिअम ४.२ असेल, तर खरं पोटॅशिअम त्याहून बरंच कमी असू शकतं. असा सामान्य दिसणारा आकडा मला वाढलेल्या आकड्यापेक्षा जास्त खटकतो, कारण तो पाहून कुणी पुन्हा तपासणी करत नाही. शिरेतून, न दाबता घेतलेल्या रक्ताची पुन्हा तपासणी मागा.

घरी आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, दूध पाजण्याआधी वजन करा. मागच्या वेळेपेक्षा वजन एकदम चढलं, झोपेतही श्वास मिनिटाला ६० च्या वर राहिला, दूध पिताना कपाळाला घाम सुटला, तर पाणी साचतंय असं समजून त्याच दिवशी कळवा. वजन घटलं, टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, लंगोट नेहमीपेक्षा कमी भिजले, तर बाळ कोरडं पडतंय. जुलाब-उलट्या लागल्या असतील तर पुढची मात्रा देण्याआधी फोन करा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. पाणी बाहेर जात असताना हेच औषध मूत्रपिंडांना घातक ठरतं. बाळ निळं पडलं, उठवूनही उठेना, किंवा श्वास घेताना कण्हायला लागलं, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

दारामागे किंवा औषधांच्या डब्यावर एक कागद चिकटवा. त्यावर शेवटचं वजन, प्रत्येक औषधाचे मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, बाटलीची ताकद, शेवटचं पोटॅशिअम व त्याची तारीख, आणि वॉर्डचा फोन नंबर लिहा. फोन उचलणारा डॉक्टर कदाचित बाळाला ओळखत नसेल. तो पहिल्यांदा हेच विचारेल.