निरोप समारंभाची कविता: आठवणीची ओळ कशी करावी

वर्गातल्या प्रत्येकाकडून एक आठवण चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘बाई खूप छान शिकवतात’ अशी चिठ्ठी आली तर परत द्या आणि विचारा, त्या नेमकं काय करतात? ज्यात वही, फळा, आवाज, हात असं काही दिसतं-ऐकू येतं, अशा पाच-सहा चिठ्ठ्या निवडा. एका चिठ्ठीचं एक कडवं.

खरी अडचण इथून पुढे. चिठ्ठी जिवंत असते, पण कविता करायला बसलं की ‘ज्ञानसागर’ आणि ‘दीपस्तंभ’ आपोआप येतात. हे शब्द सरळ काढून टाका. ते कोणत्याही शिक्षकाला चालतात, म्हणजे तुमच्या बाईंना लागू होत नाहीत. मुक्तछंद सोपा, असंही कुणी सांगेल, ऐकू नका. सभागृहात ऐकणाऱ्यांच्या हातात कागद नसतो, त्यांना लय लागते.

त्यासाठी अष्टाक्षरी घ्या. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आणि चारांनंतर किंचित थांबा. जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पुरतं.

समजा चिठ्ठी अशी आहे: ‘गणित चुकलं तर बाई फुली मारत नाहीत, चुकलेल्या पायरीभोवती गोल करतात.’ पहिला प्रयत्न बहुधा असा होतो:

चुकलेल्या गणिताला
फुली नाही मारली हो

अक्षरं आठ भरली, पण तो ‘हो’ फक्त जागा भरायला आलाय. ‘हो’, ‘की’, ‘ते’ असे शब्द ओळीच्या टोकाला आले, की समजा ओळ अजून झालेली नाही. अशा वेळी शब्द चिकटवू नका, वाक्यच फिरवा. चिठ्ठीतली ‘पायरी’ हाताशी आहे, तिच्याकडे जा:

गणिताची वही कधी
फुलीने ना दुखवली;
जिथे पाय घसरला
पायरी ती दाखवली.

गोल करण्याची गोष्ट गळली, तरी बाईंचा स्वभाव आला. तपशिलातलं काय सोडायचं हे असं ओळच ठरवते. प्रत्येक ओळ बोटांवर मोजा, मग मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर मोजणी बरोबर असूनही ओळ बदला.

एका गोष्टीबाबत मी फार कडक आहे: बाईंनी केलेल्या गोष्टी भूतकाळात चालतील, पण ‘बाई प्रेमळ होत्या’ असं कधीही लिहू नका. त्या समोर बसलेल्या असतात आणि ऐकणाऱ्याला श्रद्धांजली ऐकल्यासारखं वाटतं. ‘तुम्ही’ म्हणून थेट त्यांच्याशी बोला.

शेवटच्या कडव्यात उपदेश नको, आरोग्याच्या शुभेच्छांची यादीही नको. साधे आभार माना. सहा कडवी पुरेत. वाचणारा एकच ठेवा, त्याला मोठ्या अक्षरातली प्रत द्या. बाईंना द्यायच्या प्रतीवर सगळ्या वर्गाच्या सह्या समारंभाआधीच घ्या.