विरहाचा शेर: आधी लय, मग यमक

पहिल्या गझलेसाठी भुजंगप्रयात घ्या: लगागा चार वेळा. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. मतला म्हणजे पहिला शेर, तो असा:

अजूनी तुझे पत्र हातात आहे
तुझ्यावाचुनी जागती रात आहे

तोडून म्हणा: अजूनी, तुझेपत्, रहाता, तआहे. ‘पत्र’मधल्या त्रचा आघात मागे पडतो, म्हणून ‘प’ गुरू. ‘तुझ्या’तही जोडाक्षर आहे, पण तिथे आघात नाही, म्हणून ‘तु’ लघुच. कानाने ठरवा, डोळ्याने नाही. रोजच्या बोलण्यातलं ‘अजूनही’ इथे बसत नाही. तिसऱ्या जागी गुरू हवा आणि ‘न’ लघु आहे.

‘आहे’ हा रदीफ, तो बदलत नाही. त्याआधीचे ‘हातात’ आणि ‘रात’ हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. दोन्हींत समान आहे फक्त ‘आत’. आता गंमत बघा: पहिल्या ओळीत ‘हातात’ऐवजी ‘दारात’ घेतलं असतं तर समान भाग ‘रात’ झाला असता आणि काटेकोरपणे पाहिलं तर पुढचे सगळे काफिये ‘रात’चेच शोधावे लागले असते. नवखे इथेच अडकतात, तिसऱ्या शेराला शब्द संपतात.

मतल्यानंतर वरची ओळ यमकातून मोकळी, वृत्त मात्र तेच:

निघाली कधीचीच गाडी तुझी ती
धुराची तिची रेघ डोळ्यात आहे

यातला ‘ती’ भरतीचा आहे, हे मान्य. ‘विरह’ हा शब्द मात्र कुठेही नाही. पत्र आणि धूर पुरतात.