पणती लावली, पण दिसलीच नाही: दिवाळीत हॉलच्या प्रकाशात या चुका टाळा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बहुतेक हॉलमध्ये सारखंच चित्र असतं. बाल्कनीत कंदील, ग्रिलला माळ, टीपॉयवर पणत्या, कोपऱ्यात समई आणि या सगळ्यांच्या डोक्यावर वर्षभर जळणारी तीच पांढरी ट्यूब. काहीतरी कमी पडतंय असं वाटून कुणीतरी बाजारातून आणखी दोन माळा घेऊन येतं. त्या लावूनही फरक पडत नाही, कारण कमी काहीच पडत नव्हतं. ट्यूबचा उजेड जास्त होता.

खोलीतला प्रकाश तीन थरांत बघायची सवय लावली की हे चटकन कळतं. चालता-बोलता यावं, समोरच्याचा चेहरा दिसावा एवढा पसरलेला उजेड हा पहिला थर, ॲम्बियंट. वाचायला, वाढायला, पत्ते खेळायला नेमक्या जागी लागतो तो दुसरा, टास्क. आणि पणती, माळ, रांगोळीवरचा झोत असा नजर खेचून घेणारा तिसरा, ॲक्सेंट. सणाच्या खोलीत चुका होतात त्या बहुतेक या थरांनी एकमेकांना गिळल्यामुळे.

चूक पहिली: ट्यूब चालू ठेवून पणत्या लावणे

उदाहरणाला दहा बाय पंधरा फुटांचा, फिक्या भिंतींचा हॉल घेऊ. भिंतीवर 20 वॉटची एलईडी ट्यूब आहे. ती साधारण 2000 ल्युमेन प्रकाश देते आणि अशा खोलीत टीपॉयच्या उंचीला त्यातला ढोबळमानाने 70-80 लक्स पोचतो. मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर जेवढा पडतो, तो 1 लक्स. जवळ गेलं की तो झपाट्याने वाढतो: फूटभर अंतरावर 10-11 लक्स, वीतभर अंतरावर 20 च्या आसपास. पणतीचा यापेक्षा थोडा कमीच धरा. म्हणजे पणतीभोवती जो सोनेरी गोल पडायला हवा, तो ट्यूबच्या 75 लक्समध्ये आणखी 10 मिळवून पडतोय. डोळ्याला तो फरक जेमतेम जाणवतो. ज्योत दिसते, पण तिचा उजेड दिसत नाही.

आता ट्यूब बंद करा आणि पायाचा, म्हणजे पहिल्या थराचा, उजेड 20 लक्सपर्यंत आणा. पणतीपासून वीतभर अंतरावरची जागा लगेच आजूबाजूपेक्षा जवळपास दुप्पट उजळ होते. प्रकाशयोजना करणारी मंडळी साधारण असं मानतात की एखादी जागा ठळक उठून दिसायला ती भोवतालच्या तिप्पट उजळ हवी. ते पणतीलाही जमतं, फक्त तिला एकटं सोडायचं नाही. पाच पणत्या पाच कोपऱ्यांत ठेवण्याऐवजी तीन-चार एकत्र, पितळी ताटात किंवा ताट मागे उभं करून ठेवा. ताट परतवतं तो उजेड फुकटचा.

चूक दुसरी: ट्यूब बंद केली आणि तिच्या जागी काहीच नाही

हे पहिल्या चुकीचं उलटं टोक. माळा आणि पणत्यांवर हॉल सोडला की पहिली दहा मिनिटं सुंदर वाटतं. मग कुणाचा तरी पाय रांगोळीत पडतो, चेहरे खालून उजळल्यामुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि शेवटी काकू उठून ट्यूब लावतात. काकूंचं चुकत नाही. पायाचा थर कुणी केलेलाच नसतो.

तो करायला झुंबर लागत नाही. आपल्या हॉलमध्ये 5-5 वॉटचे दोन वॉर्म बल्ब पुरतात. एक सोफ्यामागच्या कोपऱ्यात उभ्या दिव्यात, दुसरा समोरच्या तिरप्या कोपऱ्यात शोकेसवर किंवा जमिनीवर. दोन्हींचं तोंड भिंतीकडे किंवा छताकडे ठेवा. असा भिंतीवरून परतलेला उजेड खोलीत 20 लक्सच्या आसपास देतो आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. बल्ब उघडा दिसत असेल तर हिशोब बिघडतो, कारण डोळा त्या चकाकीशी जुळवून घेतो आणि बाकीची खोली उगाच काळोखी वाटू लागते. सोफ्यावर बसा आणि बघा. बसल्या जागेवरून शेडच्या आतला बल्ब दिसतोय का? दिसत असेल तर दिवा खाली घ्या, नाहीतर बल्ब छोटा लावा. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आली की सहसा काम होतं.

भिंत गडद रंगाची असेल तर मात्र हे गणित कोलमडतं. गडद निळी किंवा तपकिरी भिंत उजेड पिऊन टाकते. तिथे दिव्याचं तोंड पांढऱ्या छताकडेच हवं, किंवा बल्ब 9 वॉटचे घ्यावे लागतील.

चूक तिसरी: वाढायच्या टेबलावर मेणबत्त्यांचा भरवसा

सणात कामाचा उजेड हमखास विसरला जातो. पण दिवाळीत हॉलमध्ये कामं कमी नसतात. पूजेच्या वेळी पोथी वाचायची असते, फराळाच्या ताटांत कुठल्या डब्यातली चकली तिखट हे बघायचं असतं, रात्री पत्त्यांचा डाव रंगतो, आणि जेवणानंतर कुणीतरी दिवाळी अंक घेऊन खुर्चीत रुततं. छापील मजकूर आरामात वाचायला 300 लक्स तरी हवेत. पायाच्या 20 लक्समध्ये ते होणार नाही आणि मेणबत्त्यांनी तर नाहीच.

यासाठी पुन्हा ट्यूब लावू नका. वाचणाऱ्याच्या खुर्चीशेजारी 7 वॉटचा बल्ब असलेला शेडचा दिवा, पानापासून दीड-दोन फुटांवर ठेवा. शेड आतून पांढरी असावी. तिचा गोल पानावर पडतो आणि पलीकडच्या पणत्यांना धक्का लागत नाही. पूजेच्या जागी छोटा क्लिपवाला दिवा बाजूने, पोथीवर रोखलेला. समोरून लावला तर गुळगुळीत कागद चकाकतो आणि वाचणारा मान वाकडी करत बसतो. पूजा झाली की तो बंद. पत्त्यांच्या गोलाला वरून उजेड हवा, नाहीतर प्रत्येकाच्या हाताची सावली स्वतःच्याच पत्त्यांवर पडते.

चूक चौथी: एकाच खोलीत तीन तऱ्हेचे पांढरे

ज्योतीच्या उजेडाचा रंग केल्विनच्या मापात 1900 च्या आसपास असतो. जुने तारेचे पिवळे बल्ब 2700 चे. आपल्याकडे घरोघरी लागलेल्या पांढऱ्या ट्यूबा 6500 च्या. 6500 च्या शेजारी पणती मातकट नारिंगी दिसते आणि पणतीच्या शेजारी ट्यूब निळसर, दवाखान्यातल्यासारखी. दोघीही एकमेकींना बिघडवतात.

बल्बच्या खोक्यावर 2700K किंवा 3000K छापलेलं असतं, ते बघून घ्या. नुसतं ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेल्या माळांचा रंग बेभरवशाचा. काही लिंबासारख्या हिरवट असतात. दुकानात माळ लावून दाखवायला सांगा आणि तिच्याखाली स्वतःचा तळहात धरा. कातडी आजारी दिसली तर माळ परत. भाड्याच्या घरात ट्यूब बदलायची नसेल तर स्विच पटकन बंद-चालू केल्यावर रंग बदलणारे बल्ब मिळतात. वर्षभर पांढरा, सणाला पिवळा.

चूक पाचवी: माळ सगळीकडे

माळेचं काम उजेड देणं नाही, ठिपके दाखवणं आहे. टीव्हीभोवती, दारावर, पडद्यावर, फोटोफ्रेमवर आणि छतावर अशी एकदम लावली की नजर कुठेच ठरत नाही. मला विचाराल तर हॉलला एक जागा पुरते. दोन म्हणजे चंगळ. बाल्कनीची सरकती काच ही सगळ्यांत चांगली जागा, कारण रात्री काच आरसा होते आणि माळ दुप्पट दिसते. त्याच कारणाने टीव्हीसमोरची भिंत वाईट. बंद स्क्रीनमध्ये रात्रभर ठिपके तरंगत राहतात.

लुकलुक बंद ठेवा. आठ प्रकारे लुकलुकणाऱ्या माळेच्या डबीवर बटण असतं, ते दाबत स्थिर उजेडावर आणा. काही डब्या वीज गेली-आली की पुन्हा पहिल्या प्रकारावर जातात, घेतानाच प्लग काढून-लावून तपासा. स्थिर ठेवूनही नजर फिरवली की ठिपक्यांची माळ तुटक दिसत असेल किंवा मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे येत असतील, तर ती स्वस्त माळ सेकंदाला 50 वेळा विझते-पेटते आहे. त्याला उपाय नाही. बसायच्या खोलीत ॲडॉप्टरवर किंवा यूएसबीवर चालणारी माळ लावा, ही बाहेर द्या.

बाहेर देतानाही एक बघा. थेट प्लगमध्ये जाणाऱ्या माळेच्या तारेत 230 व्होल्ट असतात. ती लोखंडी ग्रिलला गुंडाळली आणि कुठे प्लास्टिक सोललेलं असेल तर ऑक्टोबरातल्या एका सरीत ग्रिलला करंट येऊ शकतो. बाहेरची माळ पावसात चालणारीच घ्या, जोड टेपने गुंडाळून पावसात सोडू नका.

मेणबत्त्या आणि पंखा

कोकणपट्टीत दिवाळीलाही पंखा लागतोच. पंख्याखाली मेणबत्ती एका बाजूने वितळते, मेण टेबलावर ओघळतं, ज्योत वाकून काजळी धरते. पंखा बंद करणं जमत नसेल तर मेणबत्ती उंच काचेत ठेवा, काच ज्योतीच्या निदान दोन इंच वर हवी. काजळी तरीही येत असेल तर वात लांब आहे. विझवून, गार झाल्यावर पाव इंच ठेवून कापा. पणतीची वात बाहेर जास्त आली असेल तर आत ओढा. पाण्याच्या उरुळीत तरंगत्या मेणबत्त्या वाऱ्याने कडेला गोळा होतात, ही उरुळी पंख्याच्या थेट खाली नको.

नवी कोरी पणती तेल पिते आणि खाली डाग पाडते. आदल्या दिवशी काही तास पाण्यात बुडवून, पुसून वाळवून घ्या. ज्योतीच्या वर शोकेसची फळी, शेजारी पडदा किंवा माळेची तार नको. सिंथेटिक पडदा वाऱ्याने केवढा फुगतो ते खिडकी उघडून आधी बघा, आणि मग अंतर ठरवा.

पूजेच्या आदल्या रात्री करायची तपासणी

सात वाजता, अंधार पडल्यावर, सगळं बंद करा. आधी भिंतीकडे तोंड केलेले दोन दिवे लावा आणि खोलीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का बघा. येत नसेल तर तिसरा दिवा. मग वाचायचा आणि पूजेचा दिवा, मग पणत्यांचं ताट, आणि सगळ्यांत शेवटी माळ. माळ लागल्यावर ताटाकडे आधी नजर जाते की माळेकडे? माळेकडे जात असेल तर तिचा थोडा भाग पडद्यामागे घ्या, पडदा पातळ आणि पणत्यांपासून लांब असेल तर.

दिवा गुणगुणत असेल किंवा थरथरत असेल, तर बहुतेक वेळा डिमरवर न चालणारा बल्ब डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या स्विचवर, लावलेला असतो. खोक्यावर डिमेबल लिहिलेला बल्ब आणा. आणि माळेचा मधलाच एक तुकडा विझला, बाकी चालू आहे, तर त्या तुकड्यातला एखादा दाणा सैल झालाय किंवा त्याचा पाय तुटलाय. एका तुकड्यातले दाणे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळा तुकडा जातो. प्लग आधी काढा, मगच दाणे चाचपा.