मुलाने सांगितलं, आता पुढे? पोक्सोची तक्रार ते साक्ष, एका उदाहरणातून

समाजकार्याच्या वर्गात मी हा विषय कलमांपासून सुरू करत नाही, एका वाक्यापासून करतो. उदाहरण रचलेलं आहे, कोणाची खरी गोष्ट नाही. उत्तर नागपुरातली एक शाळा, चौथीतली नऊ वर्षांची मुलगी. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहते. बाईंनी विचारलं तर म्हणते, "ट्युशनवाले सर मले एकटीलेच थांबवते. मंग कसंकसं करते. मले तिथं नाही जाचं."

'कसंकसं'. या शब्दाचं पुढे काय होतं, त्यावर बरंच काही ठरतं. आपल्याकडे सहसा असं होतं: बाई हे मुख्याध्यापकांना सांगताना "गैरवर्तन" म्हणतात, मुख्याध्यापक पालकांना "छेडछाड" म्हणतात आणि पोलिसांत पोचेपर्यंत भलतंच काहीतरी तयार होतं. वर्षभराने कोर्टात मुलगी पुन्हा 'कसंकसं' म्हणते, आणि बचावाचे वकील शांतपणे विचारतात की तक्रारीत हा शब्द का नाही. म्हणून पायऱ्या सांगतानाही मी हा एक शब्द धरूनच चालणार आहे.

पहिली पायरी: ऐका, थोडंच विचारा, लगेच लिहा

मुलगी बोलली की "बरं झालं सांगितलंस" एवढं म्हणा. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. उलट सांगा की तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल. प्रश्न विचारायचाच तर "मग काय झालं?" असा उघडा विचारा. "सरांनी इथे हात लावला का?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच तिच्या तोंडी घातलंत. नेमकं काय झालं ते खोदून काढणं बाईंचं काम नाही. धोका आहे एवढं कळलं की थांबायचं. तेच पुन्हा उपमुख्याध्यापिका, पर्यवेक्षक आणि संस्थेच्या सचिवांपुढे वदवून घेणं तर मुळीच नको.

मग दहा मिनिटांच्या आत कागदावर उतरवा. अशी नोंद पुरते:

*"आज सोमवारी दुपारी १.२० वाजता वर्गात मी व विद्यार्थिनी दोघीच होतो. मी विचारले, 'डबा का नाही खाल्ला?' ती म्हणाली, 'ट्युशनवाले सर मले एकटीलेच थांबवते. मंग कसंकसं करते. मले तिथं नाही जाचं.' मी विचारले, 'मग काय झालं?' ती गप्प राहिली, रडली. मी पुढे विचारले नाही."*

खाली सही, तारीख, वेळ. तिचं 'मले' दुरुस्त करून 'मला' करू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रशिक्षणात असंच एक निवेदन शुद्ध प्रमाण मराठीत उतरवून आणलं होतं. व्याकरण निर्दोष होतं, आणि नेमकं त्यामुळेच ते त्या मुलाचं वाटत नव्हतं.

दुसरी पायरी: कळवा, चौकशी करत बसू नका

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्यात येतं. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची भीती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच आहे. हे कर्तव्य व्यक्तीचं आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे बाईंचं काम संपलं, असं होत नाही. शाळेच्या समितीचा अहवाल येईपर्यंत थांबायचीही सोय नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: "चोवीस तास असतात की!" ते चोवीस तास पोलिसांसाठी आहेत. तेवढ्या वेळात त्यांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. तुम्हाला कायद्याने कसलीच सवलत दिलेली नाही. कळलं की कळवायचं.

न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ही कलमं नुसती कागदावरची नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही, असा आरोप ठेवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याला माहिती होती की नाही हे पुराव्यातून ठरू द्या, खटल्याआधीच गुन्हा पुसून टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

दुसऱ्या बाजूची भीतीही खरी असते: "खोटं निघालं तर माझ्यावर येईल." प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलं आहे. तुमच्याकडून पुरावा मागितलेला नाही, माहिती मागितली आहे. पालक "नको मॅडम, बदनामी होईल" म्हणाले तरी कळवणं टळत नाही. त्यांना विश्वासात घ्या, पण परवानगीची वाट पाहू नका.

आता प्रत्यक्ष. १०९८ किंवा ११२ वर फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. जवळच्या ठाण्यात लेखी माहिती द्या, हद्द कोणती का असेना. तुमच्या नोंदीची प्रत सोबत जोडा, मूळ स्वतःकडे ठेवा. ठाण्यात माहितीला नोंद क्रमांक पडला पाहिजे आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं पाहिजे. वाचताना कान एकाच शब्दाकडे ठेवा. 'कसंकसं'च्या जागी 'विनयभंग' ऐकू आलं तर तिथेच सांगा, "साहेब, तिचे शब्द तसेच ठेवा." प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. नोंदच घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी द्या. नोंद न घेणं हाही कलम २१ खाली गुन्हाच आहे, हे तिथे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

शाळेने आणखी एक गोष्ट द्यायची, दाखलखारीज रजिस्टरचा उतारा. मुलगी बारा वर्षांखालची असल्याने लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही 'गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला' ठरतो आणि शिक्षा तीन ते पाच वर्षांऐवजी पाच ते सात वर्षांची होते. म्हणजे जन्मतारखेवरून कलम बदलतं. स्पर्शासाठी त्वचेला त्वचा लागली पाहिजे का, हा वाद नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ च्या निकालाने देशभर गाजला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: पाहायचा तो हेतू, मध्ये कापड होतं की नाही हे नव्हे.

तिसरी पायरी: जबाब आणि तपासणी

जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत. आमच्या उदाहरणात मुलीने आईऐवजी मावशी मागितली. चालतं. आईसमोर लाज वाटणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

मेयो, मेडिकल किंवा कोणत्याही दवाखान्यात नेलं तरी उपचार मोफत आणि लगेच मिळायला हवेत. आधी गुन्हा नोंदवून या, असं म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, तीही संमतीने. त्या दिवशीचे कपडे असतील तर न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि पुरावा खराब होतो. आणि काहीच खूण सापडली नाही, तर? स्पर्शाच्या प्रकरणात बहुतेकदा सापडतच नाही. "रिपोर्ट कोरा आहे, म्हणजे काही झालं नाही" हे वाक्य घरातल्या कोणी म्हटलंच तर तिथल्या तिथे अडवा.

बाल कल्याण समितीकडे 'सहाय्यक व्यक्ती' मागायला विसरू नका. ती पोलीस, कोर्ट आणि घर यांच्यातला दुवा असते. निघालेली तारीखसुद्धा घरच्यांना बऱ्याचदा तिच्याकडूनच कळते. तातडीच्या खर्चासाठी समिती मदतीची शिफारस करू शकते आणि विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. राज्य सरकारच्या 'मनोधैर्य' योजनेतल्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

चौथी पायरी: साक्ष

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात साक्षीच्या आदल्या दिवसांत सहाय्यक व्यक्तीने मुलीला एकदा नेऊन आणावं. कुठे बसायचं, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, एवढंच दाखवायचं. काय बोलायचं ते शिकवायचं नाही, त्यात पूर्ण खटला जाऊ शकतो.

सुनावणी बंद दरवाजाआड होते. आरोपी तिला दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय असते. त्याला मात्र तिचं ऐकू आलं पाहिजे आणि वकिलाशी बोलता आलं पाहिजे. गफलत पडद्याजवळ होत नाही, बाहेरच्या व्हरांड्यात होते. आत सगळी काळजी आणि बाहेर एकाच बाकावर आरोपीचे नातेवाईक! म्हणून येण्याची वेळ आणि दार आधी ठरवून घ्या. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ समजत नसेल, पण खरं बोलायचं असतं हे कळत असेल, तर शपथेविना साक्ष घेता येते.

वकील थेट मुलीला विचारत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे जातो आणि ते विचारतात. याचा फायदा मराठीतच नीट दिसतो. समजा वकिलांचा प्रश्न आहे: "तू आधी कोणालाही सांगितलं नाहीस, हे खरं नाही का?" यावर नऊ वर्षांचं मूल "हो" म्हणालं तर त्याचा अर्थ काय लावायचा? दुहेरी नकारात मोठी माणसंही अडकतात, शिवाय मोठ्यांना "नाही" म्हणू नये हे मुलांना आपणच शिकवलेलं. न्यायाधीश तोच प्रश्न फोडून विचारतात: "बाईंच्या आधी तू कोणाला सांगितलं होतंस का?" ती म्हणते, "नाही. सर म्हणे आईले मारीन." ही धमकी आधीच्या कुठल्याच कागदात नव्हती. मुलं अशी तुकड्यातुकड्याने बोलतात.

मध्ये मध्ये विश्रांती मागता येते, आणि तिला वारंवार बोलावू नये, आक्रमक प्रश्न विचारू नयेत, हे कलम ३३ मध्येच आहे. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला पूर्ण, ही कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा घरच्यांना पहिल्याच दिवशी तसं सांगून ठेवा.

'कसंकसं' म्हणजे काय, हे न्यायाधीशांनी मुलीला चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगितलं आणि तिने जे दाखवलं ते नोंदवून घेतलं. नंतर बाईंची साक्ष झाली. वकिलांनी विचारलं, "हा शब्द मुलीचा की तुमचा?" बाईंनी परवानगी घेऊन घडी पडलेला तो कागद उघडला. वेळ होती १.२०.